मातीकामाच्या स्टुडिओचं बारसं

मातीची भांडी घडवणाऱ्यांनी आपल्या जागेला नाव देण्याची जुनी पद्धत अगदी सरळ आहे. नाव एकतर माणसाचं, नाहीतर गावाचं. बर्नार्ड लीच यांनी शोजी हमादा यांच्या साथीनं १९२० साली इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्‌ज या गावी भट्टी बांधली, ती झाली ‘लीच पॉटरी’. सरदार गुरचरण सिंग यांची दिल्लीतली ती ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ आणि हिमाचलातल्या अंद्रेट्टा गावातली ती ‘अंद्रेट्टा पॉटरी’. जपानात बिझेन, शिगाराकी, माशिको ही मुळात ठिकाणांचीच नावं, पण भांड्यांच्या जाती म्हणूनही तीच चालतात. जोसाया वेजवूड मात्र धंद्यात तरबेज होता. त्यानं १७६९ साली सुरू केलेल्या कारखान्याला इटलीतल्या प्राचीन प्रदेशावरून ‘एट्रुरिया’ नाव दिलं, कारण तेव्हा उत्खननात सापडणारी देखणी फुलपात्रं एट्रुस्कन समजली जात. त्यातली बरीचशी ग्रीक होती हे पुढे कळलं, पण नाव टिकलं.

या सगळ्यांना विकायची होती भांडी. गिऱ्हाइकानं कप हातात घेतला, नखानं टिचकी मारली, की निम्मं काम झालं. नावानं स्पर्शाची आठवण करून देण्याची गरजच नव्हती, कारण वस्तूच समोर होती. शनिवार-रविवारी मातीकाम शिकवणाऱ्या स्टुडिओचं तसं नाही. तो विकतो दोन-तीन तास. येणाऱ्यानं माती आधी कधी हातात घेतलेली नसते, जागा पाहिलेली नसते. फोनच्या पडद्यावर नाव वाचून त्याला बोटांना काहीतरी जाणवावं आणि मनाला जरा सैल वाटावं, अशी मालकाची अपेक्षा असते. म्हणून या धंद्यात नावाला एकाएकी एवढं वजन आलं आहे.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, पुण्यात कोथरूडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये असा स्टुडिओ निघतो आहे. चार विजेवर चालणारी चाकं, एक लांब टेबल, मागच्या अंगणात विजेची भट्टी. शनिवारी एक वर्ग, रविवारी एक, प्रत्येकात आठ माणसं. चालवणारी बाई सिरॅमिक्स शिकलेली आहे. शिकायला येणारे तिला ताई म्हणतील, आपणही तेच म्हणू. ताईंच्या वहीत सहा नावं आहेत: माती, मृण्मयी, कुंभारवाडा, निवांत, थापी आणि ओलावा.

पहिलं नाव सगळ्यांनाच सुचतं, म्हणून त्याचीच परीक्षा आधी घेऊ. ‘माती’ ऐकायला मऊ आहे, छोटं आहे, अमराठी माणसालाही कळतं. अडचण सुरू होते ते नाव वाक्यात आल्यावर. मराठीत नाव एकटं राहत नाही, त्याला ला, त, हून चिकटतात आणि ते आपलं रूप बदलतं. ‘कुठे निघालीस?’ ‘मातीत.’ ‘एवढे पैसे कुठे गेले?’ ‘मातीत गेले.’ महिन्याची फी भरून आलेल्या माणसाच्या घरी हा विनोद पहिल्याच आठवड्यात होणार. त्यातून माती होणं, माती खाणं, माती देणं हे आपले वाक्प्रचार एकाहून एक अशुभ आहेत. आपण मातीला आई म्हणतो ते भाषणात. रोजच्या बोलण्यात तिला फार बऱ्या जागी बसवलेलं नाही. भांड्यांच्या नावांचीही हीच गत आहे. घट म्हटलं की घटस्थापना आठवते तसा घटस्फोटही आठवतो, खापर फुटतं ते कुणाच्या तरी डोक्यावर, आणि मडकं स्मशानातही फोडतात. रांजण हा देखणा शब्द रोमन अक्षरांत ‘Ranjan’ होतो आणि परगावचा माणूस फोनवर रंजनभाईंना बोलवायला सांगतो.

तेव्हा मराठी नावाची पहिली परीक्षा पाटीवर लिहून बघण्याची नसून त्याला विभक्ती लावून बघण्याची आहे. नावाला ला, त, चा, हून लावायचं आणि चार नेहमीची वाक्यं मोठ्यानं म्हणायची: ‘शनिवारी मी अमुकला जाते’, ‘हा कप अमुकमध्ये केला’, ‘अमुकचा वर्ग रद्द झाला’, ‘अमुकहून फोन आला होता’. यात जे नाव अवघडतं किंवा भलताच अर्थ देतं, ते आयुष्यभर तसंच अवघडणार.

मृण्मयी या परीक्षेत पास होते, पण तिची अडचण निराळी आहे. मुळात हे मुलीचं नाव म्हणून इतकं रुळलं आहे की स्टुडिओ मालकिणीच्या लेकीच्या नावानं काढलाय असंच वाटतं. दुसरी अडचण हाताची आहे, आणि ती नाव ठरवणाऱ्यांच्या बहुधा लक्षात येत नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी स्टुडिओचा शिक्का उठवायचा असतो. भांडं अर्धवट सुकून चामड्यासारखं घट्ट झालं, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत ‘लेदर-हार्ड’ झालं, की छोटा ठसा दाबायचा. त्या वेळी तो जर १५ मिलिमीटरचा असेल, तर भट्टीतून निघेपर्यंत साधारण १४ मिलिमीटरचा उरतो, कारण स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून पक्की होईपर्यंत दहा-बारा टक्के आकसते. वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, बारीक रेघांत जाऊन बसतो. तेवढ्या जागेत ‘मृ’चा ऋकार आणि ‘ण्म’ची जोडणी बुजून जाते आणि उरतो तो एक डाग. मोकळ्या पोटाचं, कमी रेघांचं अक्षर टिकतं. म्हणून नुसतं नाव निवडायचं नाही, त्याचं पहिलं अक्षर शिक्क्यावर एकटं उभं राहील का, हेही बघायचं.

कुंभारवाडा या नावाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. शब्द ओळखीचा आहे, ठसठशीत आहे, आणि पुण्यात कसबा पेठेत, मुंबईत धारावीत अशी खरोखरची वस्ती आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी माणसं राहतात, त्यांचं आडनावही तेच आहे आणि जातही. त्यांच्या वस्तीचं नाव गॅरेजमधल्या वातानुकूलित वर्गाला शोभेसाठी लावणं मला पटत नाही. शिकवणारा स्वतः त्या घरातला असेल तर गोष्ट वेगळी, मग ते नाव त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच शोभणार नाही.

आता ‘निवांत’. शांत वाटायला हवं ना, मग सरळ तसंच म्हणावं, असा यामागचा विचार. पण पहिल्या वर्गात काय होतं ते बघा. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा, याला ‘सेंटरिंग’ म्हणतात. नवख्याच्या हाताखाली गोळा थरथरतो, कोपर मांडीला टेकवायचं विसरतं, पाणी जास्त होतं, भिंत जरा उंच गेली की लडबडून खाली बसते. दोन तासांत एखादी वाटी हाती लागली तर नशीब. हे सगळं मजेचं असतं, पण निवांत नक्कीच नसतं. स्वस्थता येते ती तिसऱ्या-चौथ्या वर्गानंतर, हाताला दाब कळायला लागल्यावर. पाटीवर निवांतपणा लिहून ठेवला की घामाघूम झालेल्या माणसाला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. शिवाय शेतघरं, हॉटेलं आणि मालिश केंद्रं हा शब्द इतका वापरतात की त्यातून माती कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. जो शब्द स्वतःला शांत म्हणवतो, तो ऐकून कुणी शांत होतंच असं नाही.

मग नावात शांतपणा येतो कुठून? काही अंशी नुसत्या आवाजातून. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली लोकांना एक गोलसर आकृती आणि एक टोकेरी आकृती दाखवून, दोन निरर्थक शब्दांपैकी कुठला कुणाचा ते विचारलं. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी पुन्हा मांडला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ भाषांच्या लोकांना तेच विचारलं, तेव्हा साधारण ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली: बूबा गोल, किकी टोकेरी. उरलेली आली नाहीत, आणि काही भाषांत तर हा कल दिसलाच नाही. त्यामुळे याला नियम म्हणता येणार नाही, झुकाव म्हणता येईल. मराठीपुरतं म्हणाल तर त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. गुळगुळीत, मुलायम, लुसलुशीत, मऊ एका बाजूला. खरखरीत, खडबडीत, टोकदार, कडक दुसऱ्या बाजूला. ल, म, व, न, ळ या वर्णांत तोंडातून आवाज अखंड वाहतो. क, ट, ख यांत तो अडतो आणि सुटतो. शेवटी ‘आ’सारखा लांब स्वर असला की हाक मारताना श्वास मोकळा होतो.

नुसत्या आवाजावर मात्र फसगत होते. ‘ललामा’, ‘नोवेला’ अशी गोड नावं कितीही रचता येतील, पण ती साबणाला आणि गादीला तितकीच लागू पडतात. स्पर्शाची आठवण शब्दाच्या अर्थातून यावी लागते, आणि ती जागा म्हणजे कुंभारकामातल्या क्रिया आणि अवस्था. माती भिजवणं, तुडवणं, मळणं, थापणं, लिंपणं, घोटणं या प्रत्येकात हात किंवा पाय आहे. भांड्याचं नाव घेतलं तर डोळ्यांपुढे वस्तू येते, क्रियेचं नाव घेतलं तर बोटं आठवतात. ताईंच्या वहीतली शेवटची दोन नावं या जातीची आहेत.

थापी म्हणजे भांडं थापटून त्याची भिंत पातळ आणि घट्ट करायचं लाकडी अवजार. मराठी वाचकाला ती माहीत असते गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभार तेरचे. संतांच्या मेळ्यात कोण पक्कं आणि कोण कच्चं ते बघण्यासाठी त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापी मारली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा घरोघर सांगितली जाते. कच्चं आणि भाजलेलं भांडं आवाजावरून ओळखायचं हे कुंभाराचं रोजचं काम आहे. पक्कं भांडं खणखणतं, कच्चं किंवा चिरलेलं भद्द वाजतं. म्हणजे नावात अवजार आहे, गोष्ट आहे आणि थोपटण्याचा आवाजही आहे. खोट एकच: या शब्दाच्या शेजारी ‘थाप’ राहते. ‘थापीची जाहिरात’ म्हटलं की कुणीतरी ‘थापाच सगळ्या’ म्हणणार. आणि आवाज ठाशीव आहे, शांत नाही. लहान मुलांचे वर्ग घेणाऱ्या, हसतमुख, जरा खट्याळ स्टुडिओला हे नाव उत्तम जाईल.

ओलावा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अंमळ भावुक वाटलं होतं. नात्यातला ओलावा, डोळ्यांतला ओलावा. एखाद्या वृद्धाश्रमाला किंवा दिवाळी अंकाला शोभावं असं. पण शनिवार-रविवारचा स्टुडिओ आतून कसा चालतो ते पाहिलं की या शब्दाला निराळाच आधार मिळतो, आणि तो भावनेचा नाही.

चाकावर काम करण्याजोग्या मातीत वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी असतं. शनिवारी घडवलेली वाटी लगेच खालून खरवडून नीट करता येत नाही, ती फार मऊ असते. लेदर-हार्ड झाली की तिचं बूड कोरायचं, कपाला कान जोडायचा. रोज स्टुडिओत असणारा कारागीर दुसऱ्या दिवशी सकाळी हे उरकतो. शनिवारचा विद्यार्थी मात्र पुढच्या शनिवारी उगवणार. म्हणजे आठ जणांची भांडी सात दिवस नेमक्या त्याच अवस्थेत धरून ठेवायची. त्यासाठी प्रत्येक भांडं प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, झाकणाच्या डब्यात तळाशी भिजवलेला प्लास्टरचा थर ठेवायचा, मधल्या वारी उघडून बघायचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुण्यात पिशवीला एक भोक राहिलं तरी काठ पांढरा पडतो, आणि पांढऱ्या पडलेल्या काठाला कान चिकटत नाही. चिकटला तरी सुकताना सांध्यावर तडा जातो, कारण ओला कान आकसतो आणि आधीच आकसलेला कप जागचा हलत नाही. जुलैत उलटं, आठवडा गेला तरी भांडं मऊच. नंतर मात्र ते पूर्ण सुकावंच लागतं. आत पाणी राहून भट्टी घाईनं तापवली तर त्याची वाफ होऊन भांडं फुटतं. म्हणून सुकलेलं भांडं गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. मग हजार अंशांच्या आसपास पहिली भाजणी, ग्लेझ, स्टोनवेअर असेल तर बाराशेच्या वर दुसरी भाजणी. पहिल्या वर्गात केलेला कप घरी जायला तीन-चार आठवडे सहज लागतात.

या सगळ्या व्यवहाराचा कारभारी कोण, तर ओलावा. तो किती ठेवायचा, कधी घालवायचा, कसा ओळखायचा, हेच आठवड्याच्या सुट्टीत शिकणाऱ्याला मुळात शिकायचं असतं. त्यामुळे ‘हे नाव का ठेवलं?’ या प्रश्नाला ताई पाच मिनिटं बोलू शकतात, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कामाचं असेल. नात्यातला ओलावा ज्याला आठवायचा त्याला आठवेल, पाटीनं ते सांगायला नको.

आता याचीही तीच परीक्षा. ‘शनिवारी मी ओलाव्याला जाते.’ ‘हा कप ओलाव्यातला.’ ‘ओलाव्याहून फोन होता.’ रूप बदलतं, पण शब्द बुजत नाही आणि वाईट अर्थ निघत नाही. आवाजात दोन वाहते व्यंजन आणि तीन मोकळे स्वर. शिक्क्यासाठी ‘ओ’ हे अक्षर गोलसर आहे, वरची मात्रा जरा जाड कोरली तर ग्लेझमध्ये बुडत नाही. रोमनमध्ये ‘Olava’ असं लिहिलं तर तमिळ किंवा पंजाबी माणूसही जवळपास बरोबर वाचेल. इथे एक खाच आहे: ‘Ola’ एवढंच टाइप केलं की फोन टॅक्सी दाखवायला लागतो. म्हणून वेबपत्त्यात आणि खात्याच्या नावात पूर्ण शब्दाला जोडून ‘clay’ किंवा ‘studio’ असं काही घालावं लागेल. दुसरी खाच घरगुती आहे. मुंबईत किंवा कोकणात ओल म्हटलं की गळकी भिंत आठवते. पुण्यात हे खपून जाईल, पण दादरला शाखा काढली तर वॉटरप्रूफिंगवाल्याची चौकशी येईल. हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यातही आहे, जमिनीतला ओलावा. त्याचा त्रास नाही, उलट थोडा आधारच आहे.

नावावरून वर्ग कसले ते कळत नाही, ही तक्रार येईलच. ते नावाचं काम नव्हे. ‘मातीकाम व पॉटरी वर्ग, शनि-रवि, कोथरूड’ ही ओळ खाली लहान अक्षरांत असते, आणि शोधणारा माणूस तेच शब्द टाइप करतो. ‘वीकेंड’ हा शब्द मुख्य नावात घालू नये. बुधवारी निवृत्त मंडळींचा वर्ग सुरू केला की पाटी खोटी पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातलं नववं कलम सांगतं की मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. मातीच्या भांड्यांसाठी ‘माती’ किंवा ‘पॉटरी’ हा शब्द कुणा एकाचा होऊ शकत नाही, हे न्याय्यच आहे. ‘ओलावा’ वर्णन करत नाही, सुचवतो, म्हणून त्याची बाजू बळकट आहे. अर्ज वर्गवार करावा लागतो. मातीची आणि घरगुती भांडी २१व्या वर्गात येतात, शिकवणं ४१व्या वर्गात. फक्त शिकवण्यासाठी नोंदवून उद्या कप विकायला काढले तर निम्मं संरक्षण हातात नसतं. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, आणि तो फक्त हुबेहूब नावाचा घेऊन भागत नाही. उच्चारानं जवळची नावंही बघावी लागतात, कारण आक्षेप त्यांच्यावरूनही येतो. शिवाय नोंदणी न करता आधीपासून ते नाव वापरणाऱ्यालाही हक्क असतो, म्हणून गावातल्या पाट्या, नकाशे आणि समाजमाध्यमं चाळायची. पाटीबद्दल महाराष्ट्रात वेगळा नियम आहे: २०२२च्या दुरुस्तीनंतर दहाहून कमी माणसं काम करत असलेल्या जागीही नाव देवनागरीत, पहिल्यांदा आणि इतर लिपीच्या अक्षरांहून लहान नसलेलं हवं. म्हणजे नाव देवनागरीतच आधी कोरून बघितलेलं बरं, रोमन अक्षरांची रचना त्यानंतर.

नाव पक्कं करण्यापूर्वी ताईंनी दोन-तीन आठवडे ते नुसतं वापरून बघावं असं मी सुचवेन. चिकटपट्टीवर लिहून मातीच्या बादलीला लावायचं, फोन उचलल्यावर तेच म्हणायचं, ओळखीच्या चौघांना तोंडी सांगून दोन दिवसांनी त्यांना आठवतं का ते विचारायचं. लाकडी ठसा कोरायला मात्र शोध पुरा झाल्यावरच द्यावा. एकदा बुडाशी दाबून भाजलेलं नाव खोडता येत नाही, आणि विकलेली भांडी परत मागवता येत नाहीत. आणि शोधात ‘ओलावा’ त्याच वर्गात आधीच कुणाचा निघाला, तर पुढे ‘मातीकाम’ जोडून सुटका होत नाही. वर्णनाचा शब्द जोडल्यानं नाव निराळं ठरत नाही. अशा वेळी वहीतली थापी काढायची आणि तिच्यासाठी पुन्हा शोधापासून सुरुवात करायची.